सीसी, बीसीसी आणि रिप्लाय ऑल: कुणाला कुठे टाकायचं

आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट आहेत आणि गेली तीन वर्षं सेक्रेटरीचं काम माझ्या गळ्यात आहे. पहिल्याच महिन्यात मी एक साधा मेल केला, की रविवारी टाक्या धुवायच्या आहेत, सकाळी १० ते ४ पाणी येणार नाही, भरून ठेवा. आणि सगळेच्या सगळे ६४ पत्ते To मध्ये टाकून दिले, कारण मला वाटलं मेल सगळ्यांना जायचाय ना, मग टाका. पाच मिनिटांत एक "ओके" आलं, मग एक "नोटेड, थँक्स", मग बी विंगमधल्या एका काकांनी लिहिलं की पाण्याचं ठीक आहे पण माझ्या पार्किंगमध्ये रोज कुणाची तरी ॲक्टिव्हा असते त्याचं काय, मग ॲक्टिव्हावाल्यांनी उत्तर दिलं, मग दुसऱ्या कुणीतरी मेंटेनन्सचा विषय काढला, आणि शेवटी "कृपया मला या मेलमधून काढा" असे मेल सुरू झाले आणि तेही सगळ्यांनाच! संध्याकाळपर्यंत ४१ मेल. वर तिसऱ्या मजल्यावरच्या एका विमावाल्या गृहस्थांना ६४ पत्ते आयते मिळाले, त्यांचा पॉलिसीचा मेल सोमवारी सकाळी सगळ्यांकडे हजर.

पाणी रविवारी बंद आहे हे किती जणांनी वाचलं माहीत नाही, पण सीसी-बीसीसी नीट समजून घ्यायला पाहिजे हे मला त्या दिवशी कळलं. नवीन नोकरीला लागलेले, कॉलेजच्या कमिटीतले, सोसायटीत नव्यानेच अडकलेले, अशा सगळ्यांसाठी सोप्यात सोपं करून लिहितोय.

नाव आलं कुठून

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. टाइपरायटरमध्ये एक कोरा कागद, त्याखाली कार्बन पेपर, शाईची बाजू खाली, मग परत कोरा कागद, परत कार्बन, अशी चळत घालून ते टाइप करायचे. वरची प्रत झकास, दुसरी बरी, चौथ्या प्रतीवर अक्षरं भुरकट व्हायची म्हणून कळा जरा जोरात हाणायच्या. पत्र ज्यांना लिहिलंय त्यांचं नाव वर, आणि अगदी खाली डावीकडे "प्रत माहितीसाठी" म्हणून दोन-तीन नावं, आणि एक प्रत कचेरीतच फाईलला लागायची ती स्थळप्रत. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, म्हणजे हीच "प्रत माहितीसाठी". ज्याला पत्र लिहिलंय त्याला खालची नावं वाचून कळायचं की हे आणखी कुणाकुणाकडे गेलंय.

बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, तीसुद्धा टाइपरायटरच्याच काळातली. मूळ कागद मशीनमधून काढून घ्यायचा आणि मग फक्त खालच्या प्रतीवर आणखी एक नाव टाइप करायचं. मूळ पत्र वाचणाऱ्याला त्या नावाचा पत्ताच नाही.

पाकीट आणि आतलं पत्र

आता मेलमध्ये हे कसं चालतं ते एकदा डोक्यात बसलं की बाकी काही पाठ करायची गरज नाही. तुम्ही सेंड दाबलं की तुमचा मेल प्रोग्रॅम सर्व्हरला दोन वेगळ्या गोष्टी देतो, एक म्हणजे कुठल्या कुठल्या पत्त्यांवर पोचवायचं ती यादी, आणि दुसरं म्हणजे मेल. पोस्टाचं पाकीट आणि पाकिटातलं पत्र, असं समजा. To आणि Cc मधली नावं पाकिटावरही असतात आणि पत्रातही छापलेली असतात. Bcc मधलं नाव फक्त पाकिटावर असतं, पत्रात ते जातच नाही.

रिप्लाय ऑल दाबलं की तुमचा प्रोग्रॅम बघतो ते फक्त पत्र. पाठवणारा, To मधले आणि Cc मधले, जेवढी नावं छापलेली दिसतात तेवढ्या सगळ्यांना उत्तर जातं. Bcc मधली नावं त्यात नसतात, त्यामुळे त्यांना काही जात नाही. नुसतं रिप्लाय दाबलं तर उत्तर फक्त पाठवणाऱ्याला.

म्हणजे सीसी की बीसीसी हे ठरवताना मेल कुणाकुणाला पोचेल एवढंच बघून भागत नाही, पोचतो तो सगळ्यांनाच. कुणाला कुणाचं नाव दिसेल आणि समोरच्याने उत्तर दिलं की ते कुठे कुठे जाईल, हे बघायचं.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. स्वतःच्या अकाउंटवरून एक मेल लिहा, To मध्ये बायकोचा किंवा भावाचा पत्ता, Cc मध्ये एखाद्या मित्राचा आणि Bcc मध्ये तुमचाच दुसरा पत्ता. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर To च्या ओळीत क्लिक केलं की उजवीकडे Cc आणि Bcc दिसतात, मोबाईलवर To च्या शेजारच्या छोट्या बाणावर टॅप करायचं. आउटलुकच्या जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅममध्ये Bcc आधी दिसतच नाही, नवीन मेलमध्ये Options मध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, त्यामुळे बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. पाठवून झालं की भावाच्या फोनवर बघा, तुमचा दुसरा पत्ता कुठेच नाही. तुमच्या दुसऱ्या अकाउंटमध्ये बघा, ते जीमेलचं असेल तर तिथे नावांच्या ओळीत `bcc: me` असं दिसेल. आणि तुमच्या Sent मध्ये मात्र तिघंही दिसतात, म्हणजे आपण कुणाला गुपचूप पाठवलं होतं याची स्थळप्रत आपल्यापाशी राहते.

सीसी: लिफ्टचं उदाहरण

बी विंगची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकायला लागली तेव्हा मी लिफ्टच्या कंपनीला मेल केला. वरची रचना अशी होती:

```
To: लिफ्ट कंपनीचे सर्व्हिस मॅनेजर
Cc: चेअरमन
Subject: बी विंग लिफ्ट ३-४ मजल्यांमध्ये अडकते
```

To मध्ये एकच माणूस, कारण काम त्यानेच करायचंय. मी आधी अशा मेलमध्ये मॅनेजर, टेक्निशियन आणि त्यांचं ऑफिस तिघांनाही To मध्ये टाकायचो आणि मग तिघंही समजायचे की दुसरा बघेल, बारभाईंची खेती, काय लागेल हाती. सीसीमध्ये चेअरमन, कारण खर्च मंजूर ते करतात आणि त्यांना माहीत असायला हवं, पण त्यांनी स्वतः उठून काही करायचं नाहीये. ज्याच्याकडून काहीतरी हवंय तो To मध्ये, ज्याला नुसतं कळायला हवंय तो सीसीमध्ये. आणि सीसीतल्या माणसाकडून खरंच काही हवं असेल तर त्याला वर घ्या किंवा मेलमध्ये त्याचं नाव घेऊन लिहा, कारण सीसीत असलेला माणूस मेल वरवर बघून पुढे जातो आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

आणखी एक, मेलमध्ये मी एक ओळ घातली होती, "चेअरमनसाहेब सीसीमध्ये आहेत, बिलाची मंजुरी तेच देतील." ही ओळ फार उपयोगी. नाहीतर समोरच्याला वाटतं साहेबाला सीसी केलं म्हणजे आपली तक्रारच केली. ऑफिसात तर हे फारच नाजूक असतं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पहिल्याच मेलमध्ये "रिपोर्ट कधी देताय" विचारताना त्याच्या बॉसला सीसीत टाकलं की तो माणूस वर्षभर तुमच्याशी तोंडदेखलं बोलणार हे पक्कं समजा. पहिले दोन मेल त्यालाच करा, एकदा फोन करा, आणि तरी हललं नाही तर तिसऱ्या मेलला बॉस सीसीत.

रिप्लाय ऑल न केल्यामुळे झालेला घोळ

रिप्लाय ऑल म्हटलं की सगळे घाबरवतात, चुकूनही दाबू नका म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. लिफ्टच्याच मेलचं पुढे काय झालं ते बघा.

मॅनेजरने रिप्लाय ऑल करून चांगलं उत्तर दिलं होतं, "सोमवार किंवा मंगळवार, माणूस पाठवतो, कधी चालेल?" मी बसमध्ये होतो, मोबाईलवर घाईत नुसतं रिप्लाय दाबलं आणि लिहिलं "मंगळवारी सकाळी १० चालेल." झालं, चेअरमन तिथेच गळले. मॅनेजरने मला "ओके, कन्फर्म" लिहिलं, तेही मलाच, कारण आता मेलमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. मंगळवारी टेक्निशियन आला, मी ऑफिसात, लिफ्टच्या मशीन रूमची चावी चेअरमनांकडे, आणि चेअरमन त्या दिवशी मुलीकडे नाशिकला, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वॉचमनने फोन केला तोवर माणूस परत गेला होता. व्हिजिट चार्ज ७५० रुपये, आणि लिफ्ट आणखी चार दिवस बंद, चौथ्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात भेटल्या की नुसत्या बघायच्या.

तेव्हा चार-पाच जणांचा मेल असेल, सगळे एकाच कामातले असतील, तर रिप्लाय ऑल हेच बरोबर बटण आहे. तारीख ठरली, रक्कम बदलली, काम झालं, असं ज्याच्यावर इतरांचं पुढचं काम अवलंबून आहे ते सगळ्यांना गेलंच पाहिजे. "थँक्यू", "अभिनंदन", "मला जमणार नाही", "माझ्या पार्किंगमध्ये" हे फक्त पाठवणाऱ्याला. मी बटण दाबायच्या आधी एवढंच बघतो, की माझं उत्तर वाचून यातले किती जण काही वेगळं करतील, सगळे किंवा बहुतेक असतील तर ऑल, एकटा पाठवणारा असेल तर साधं रिप्लाय.

मोठ्या यादीत मात्र रिप्लाय ऑल म्हणजे वणवा. मायक्रोसॉफ्टमध्येच १९९७ साली एका मोठ्या अंतर्गत यादीवर कुणीतरी मेल केला की मला या यादीतून काढा, आणि बाकीच्यांनी रिप्लाय ऑल करून "मलाही" लिहायला सुरुवात केली. सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि त्यांची मेलची व्यवस्थाच कोलमडली. पुढे २०२० मध्ये त्यांनी आपल्या ऑफिस मेलमध्ये अशी लाट आली की ती आपोआप अडवायची सोय घातली. अशा लाटेत तुम्ही सापडलात तर "कृपया रिप्लाय ऑल करू नका" असा रिप्लाय ऑल करायचा नाही, त्याने फक्त एक मेल वाढतो. जीमेलमध्ये त्या मेलच्या मेनूत Mute आहे ते दाबा, आउटलुकमध्ये Ignore, आणि चहाला जा.

बीसीसी: ६४ फ्लॅटचा मेल नीट कसा करायचा

टाक्यांचा तो मेल मी आता असा करतो. To मध्ये सोसायटीचाच स्वतःचा मेल आयडी. Cc रिकामं. Bcc मध्ये ६४ पत्ते, जे मी कॉन्टॅक्टमध्ये एक लेबल करून ठेवलेत, लेबलचं नाव टाइप केलं की सगळे येतात. आणि मेलची पहिली ओळ, "हा मेल सर्व ६४ फ्लॅटधारकांना पाठवला आहे. उत्तर द्यायचं असेल तर सरळ रिप्लाय करा, ते फक्त सोसायटीच्या ऑफिसला येईल."

ही पहिली ओळ विसरू नका. बीसीसीमध्ये मेल आलेल्या माणसाला तो आणखी कुणाकुणाला गेलाय ते दिसत नाही, त्यामुळे त्याला वाटतं मलाच लिहिलंय की काय, आणि मग "फक्त माझ्याच घरचं पाणी बंद का" असा फोन येतो (आलाय, मस्करी नाही करत). आता कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी पत्रात छापलेलं नाव एकच, सोसायटीचं, त्यामुळे काकांची ॲक्टिव्हा फक्त माझ्यापर्यंत येते.

याला मर्यादा आहेत. बीसीसीत आलेल्या मेलवर त्या माणसाचं नाव नसल्यामुळे काहींच्या स्पॅममध्ये जातो, पहिल्या वेळेला फोन करून विचारून घ्या आला का म्हणून. साध्या जीमेल अकाउंटवरून एका मेलला ५०० पत्त्यांच्या वर जाता येत नाही, तेवढी मोठी यादी असेल तर ग्रुप बनवणं बरं. आणि ज्या लोकांना एकमेकांशी बोलायचंच आहे, समजा गणपतीची आठ जणांची कमिटी, त्यांना बीसीसीत टाकायचं नाही, मग प्रत्येक जण वेगवेगळं मलाच उत्तर देतो आणि आठ जणांचा पोस्टमन मी होतो.

एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांची यादी असेल तर मात्र बीसीसी टाळायचं काही कारणच नाही, आणि इथली चूक कधीकधी जिवावर येऊ शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये, अफगाणिस्तान तालिबानच्या हातात गेल्यानंतर, ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तिथून बाहेर पडायची धडपड करणाऱ्या २४५ अफगाण लोकांना एक मेल केला आणि सगळे पत्ते बीसीसीऐवजी To मध्ये टाकले. ५५ जणांच्या पत्त्याबरोबर त्यांचे फोटोही दिसत होते. त्यात दोघांनी रिप्लाय ऑल केलं, एकाने तर आपण कुठे आहोत तेही लिहून टाकलं. हा एक मेल चुकीच्या हातात पडला असता तर ती धरपकडीची यादीच होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. आपल्याकडची मेंटेनन्सच्या थकबाकीची यादी त्यापुढे काहीच नाही, पण थकबाकीदारांना एकत्र To मध्ये टाकून आठवण करून देणं म्हणजे कोण कोण थकलंय ते नोटीस बोर्डावर लावल्यासारखंच की.

खरं सांगायचं तर थकबाकीचे मेल मी बीसीसीतही टाकत नाही, एकेकाला वेगळा करतो, नऊ-दहाच असतात.

गुपचूप बीसीसी करू नका

बीसीसीचा दुसरा वापर म्हणजे एकाला मेल लिहायचा आणि तिसऱ्याला गुपचूप दाखवायचा. हा मी एकदाच केला. एका सभासदांना थकबाकीबद्दल अगदी नम्रपणे लिहिलं आणि चेअरमनना बीसीसी केलं, की त्यांनाही कळावं. चेअरमननी मोबाईलवर वाचलं, वरचं `bcc: me` काही त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांनी रिप्लाय ऑल दाबून लिहिलं, "छान लिहिलंत, आता ऐकले नाहीत तर सरळ नोटीसच पाठवा." आता पाकीट आणि पत्र आठवा. बीसीसीतल्या माणसाच्या हातात पत्र तेच, त्यावर To मध्ये त्या सभासदांचं नाव छापलेलं, त्यामुळे उत्तर मला आणि त्यांना, दोघांना गेलं. रात्री नऊला ते सभासद दारात उभे. पैसे आले दुसऱ्या दिवशी, पण आजही लिफ्टमध्ये भेटले तर मोबाईल बघतात.

यावर उपाय सोपा आहे. मेल त्या माणसालाच पाठवा, मग Sent मध्ये जाऊन तोच मेल चेअरमनना फॉरवर्ड करा, वर एक ओळ लिहून, "तुमच्या माहितीसाठी." फॉरवर्डवर छापलेली नावं फक्त तुमची आणि त्यांची, त्यामुळे त्यांनी कुठलंही बटण दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येतं.

लोकांना मेलमधून सभ्यपणे बाहेर काढायला मात्र बीसीसी छान आहे. कुणी तुमची ओळख एखाद्या प्लंबरशी करून दिली, तिघं मेलमध्ये आहात, तर तुम्ही उत्तर देताना ओळख करून देणाऱ्याला To मधून Bcc मध्ये हलवायचं आणि वर लिहायचं, "धन्यवाद, तुम्हाला बीसीसीत टाकतोय." त्यांना कळतं की बोलणं सुरू झालं, आणि पुढचे पाइपच्या मापांचे वीस मेल त्यांना येत नाहीत. इथे लपवाछपवी नाही, सांगूनच केलंय.

खालची शेपूट

नवीन माणसाला मध्येच सीसीत घेताना एक बघायचं, मेलच्या खाली जुनी सगळी उत्तरं लटकलेली असतात. नवीन रंगकाम कॉन्ट्रॅक्टरला सीसीत घेतलं आणि खाली आधीच्या कॉन्ट्रॅक्टरचा आकडा होता, असं आमच्या कमिटीत झालंय, त्याने त्याच्यापेक्षा बरोब्बर दोन हजार कमी कोट दिलं. तीन टिंबांवर क्लिक करून शेपूट उघडा, नको ते पुसा. आणि रिप्लायमध्ये जुनी अटॅचमेंट जात नाही हेही लक्षात ठेवा, नवीन माणसाला फाईल हवी असेल तर परत जोडा.

आता चूक झालीच तर. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर Settings मध्ये See all settings, General, तिथे Undo Send आहे, ते ५ सेकंदांवर असतं ते ३० करा आणि खाली Save Changes दाबायला विसरू नका. तिथेच Default reply behavior आहे, बटण आपोआप कुठलं यावं ते तिथे ठरतं, मी Reply ठेवलंय आणि लहान मेलमध्ये हाताने ऑल निवडतो. आउटलुकमधलं मेल परत बोलवायचं बटण साधारण तुमच्याच कंपनीतल्या लोकांपुरतं चालतं, बाहेर जीमेलवर गेलेला मेल गेला म्हणजे गेला. आणि ६४ पत्ते To मध्ये जाऊन बसलेच असतील तर माफीचा मेल त्याच यादीला रिप्लाय ऑल करून पाठवू नका, नवीन मेल उघडा, To मध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे Bcc मध्ये, आणि दोन ओळी: आधीच्या मेलवर उत्तर देऊ नका, तो डिलीट करा, पाणी रविवारी १० ते ४ बंदच आहे.